पंखा फुल्लवर गप्प, दोनवर घूंऽऽ. दोष नक्की कुणाचा?

मुग्धा_वाकड

बेडरूमचा साधा सीलिंग फॅन आहे, १२०० मिमी, ७५ वॅटचा. फुल्लवर ठेवला तर फक्त वाऱ्याचा आवाज, बाकी काही नाही. पण सासूबाईंना रात्री फुल्ल वारा सोसत नाही, म्हणून कमी केला की घूंऽऽ असा एकसुरी आवाज सुरू होतो. दिवसा लक्षात येत नाही, रात्री मात्र डोक्यात बसतो.

रेग्युलेटर बिल्डरने दिलेला, बटणांच्या प्लेटमधला छोटा. त्याला टकटक टप्पे नाहीत, रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा सरळ फिरतो. एक गंमत नीट ऐकून सांगते: आवाज सगळ्यात जास्त येतो तो साधारण मध्यावर, दोन आणि तीनच्या दरम्यान. अगदी एकवर नेला तर उलट जरा कमी होतो. आणि वेग बदलला तरी आवाजाची पट्टी तीच राहते, फक्त जोर बदलतो.

वायरमन आधी म्हणाला कंडेन्सर बदलू, मोठा ३.१५ चा टाकू. दुसऱ्या दिवशी म्हणाला पंखा रिवाइंड करावा लागेल. कुणावर विश्वास ठेवू? आणि मुळात हा रेग्युलेटर वेग कमी करतो कसा?

विजूभाऊ

कंडेन्सर. डोळे झाकून बदला. आमच्या हॉलच्या पंख्याला अगदी हेच झालं होतं, २.५ चा नवा टाकला, आवाज गायब. रेग्युलेटर काय करतो, व्होल्टेज कमी करतो. कमी व्होल्टेजवर मेलेला कंडेन्सर मोटरला ढकलू शकत नाही, म्हणून ती कण्हते. रिवाइंडिंगच्या फंदात पडू नका, पैसे खायचे धंदे.

रिवाइंडिंगवाला

विजूभाऊ, धंदा माझा आहे, पण या पंख्याचं रिवाइंडिंग मीही करणार नाही. जळालेली वाइंडिंग फुल्लवर गप्प बसत नाही.

ताई, काही उघडण्याआधी एक साधी गोष्ट करा. आवाज सगळ्यात जास्त येतो तिथे रेग्युलेटर ठेवा, पंखा पाच मिनिटं चालू द्या आणि मग भिंतीवरचं बटण बंद करा. पाती अजून बराच वेळ फिरत राहतील. त्या वेळात फक्त कान द्या. घूं आवाज बटणासरशी तुटला तर तो विजेचा आहे. पाती फिरताहेत तोवर येत राहिला आणि हळूहळू खाली उतरत गेला तर तो बेअरिंगचा किंवा कुठेतरी घासण्याचा. पट्टी बदलत नाही असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला पहिलंच वाटतंय, पण करून बघा.

वेगाबद्दल. पंख्यात दोन वाइंडिंग असतात. एक सरळ लाइनवर, दुसरी कंडेन्सरमधून. कंडेन्सरमुळे दुसरीतला करंट पहिलीच्या पुढे सरकतो, आणि दोन्ही मिळून आतलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं. कंडेन्सर नसता तर ते जागच्या जागी मागेपुढे होत राहिलं असतं. म्हणून तर कंडेन्सर पूर्ण गेला की पंखा हाताने ढकलल्याशिवाय फिरत नाही. सीलिंग फॅनमध्ये मांडणी उलटी असते. वाइंडिंगचा भाग आत, दांडीला घट्ट बसवलेला, आणि बाहेरचा डबा पात्यांसकट फिरतो.

आता मुद्दा असा, की हे क्षेत्र किती वेगाने फिरणार ते ठरतं पोलच्या संख्येवर आणि लाइनच्या ५० हर्ट्झवर. सोळा पोलचा पंखा असेल तर मिनिटाला ३७५ फेरे. तुम्ही रेग्युलेटर एकवर ठेवा नाहीतर पाचवर, आतलं क्षेत्र ३७५ नेच फिरतं. कमी होतो तो डब्याचा वेग, कारण तो क्षेत्राच्या मागे घसरत जातो. व्होल्टेज निम्मं केलं की मोटरचा जोर पावपट होतो. तेवढ्या जोरात पाती पूर्वीच्या वेगाने हवा कापू शकत नाहीत. पण पंख्याचं नशीब असं, की वेग कमी झाला की हवेचा विरोधही झपाट्याने उतरतो, निम्म्या वेगाला पावपट. जिथे दोघांची बरोबरी होते तिथे पंखा स्थिरावतो. हीच युक्ती पिठाच्या गिरणीवर करून बघा, मोटर अडेल आणि धूर निघेल. गिरणीचं ओझं वेग कमी झाला म्हणून हलकं होत नाही.

व्होल्टेज कमी करायच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत, आणि तुमच्या आवाजाचं उत्तर तिथे आहे. आधी बटणाचं काय होतं ते कळवा.

शिरीष_जळगाव

आमच्याकडेही सेम प्रॉब्लेम. लाइट गेली आणि इन्व्हर्टर लागला की सगळे पंखे भुंग्यासारखे वाजतात, फुल्लवरसुद्धा. लाइट आली की बंद. तीन पंखे, तिन्हींचा कंडेन्सर बदलून झाला, फरक शून्य. यावर उपाय आहे का कुणाकडे?

विजूभाऊ

शिरीषराव, ताईंचा प्रश्न रेग्युलेटरचा आहे, तुमचा इन्व्हर्टरचा. वेगळा धागा काढा.

मुग्धा_वाकड

काका, केलं. मध्यावर ठेवून बटण बंद केलं तर घूं आवाज त्याच क्षणी तुटला. पाती नंतर बराच वेळ फिरत होती, अगदी शांत. दोनदा करून पाहिलं.

भावाकडे मीटर आहे, त्याने मेन बंद करून पंख्याच्या वाटीतला कंडेन्सर सोडवून मोजला. वर २.५ लिहिलंय, मीटरवर २.४२ आला.

रिवाइंडिंगवाला

म्हणजे कंडेन्सर ठणठणीत आहे. त्याच्यावर पाच टक्के कमीजास्त चालतं असं छापलेलंच असतं.

शिरीषरावांना हाकलू नका, त्यांचा आणि ताईंचा रोग एकच आहे.

ताईंचा तो टप्पे नसलेला रेग्युलेटर आत ट्रायकवर चालतो. ट्रायक म्हणजे दर अर्ध्या लहरीला उघडणारं दार. सेकंदाला ५० लहरी, म्हणजे १०० वेळा दार उघडायचं आणि मिटायचं. फुल्लवर ते लहरीच्या सुरुवातीलाच उघडतं, मोटरला जवळजवळ अखंड लहर मिळते. वेग कमी करायला बटण फिरवलं की ते उशिरा उघडायला लागतं. लहरीचा पुढचा भाग कापला जातो, मागचाच तेवढा मोटरपर्यंत पोचतो. सरासरी व्होल्टेज उतरलं, पंखा हळू झाला. पण दार उघडण्याच्या क्षणी मोटरवर व्होल्टेज चढत येत नाही, शून्यावरून एकदम उडी मारून येतं.

ही उडी केव्हा सगळ्यात मोठी? दार लहरीच्या बरोबर माथ्यावर उघडलं तर. २३० व्होल्टच्या लाइनचा माथा ३२५ व्होल्टला असतो. त्याच्या आधी किंवा नंतर उघडलं तर उडी लहान. म्हणून तुम्हाला मध्यावर जास्त आवाज येतो आणि अगदी एकवर नेलं की कमी होतो. इतकं नीट ऐकून लिहिणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं.

मोटर नेहमीच थोडी गुणगुणते. लोखंडाच्या पत्र्यांवर चुंबकाची ओढ दर अर्ध्या लहरीला येते, म्हणजे सेकंदाला १००. शुद्ध लहर असेल तर ती खर्जातली, मऊ गुणगुण असते आणि फुल्लवर पात्यांच्या वाऱ्यात बुडून जाते. कापलेल्या लहरीत त्या शंभराबरोबर दोनशे, तीनशे, चारशे असे वरचे सूरही घुसतात. आपला कान खर्जापेक्षा या वरच्या सुरांना फार चटकन पकडतो. शिवाय पंखा हळू झालेला, वारा कमी, म्हणजे झाकायलाही काही नाही. दोन्ही गोष्टी एकदमच होतात.

शिरीषरावांचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असणार. तिथे तर दर अर्ध्या लहरीला उडीच उडी, रेग्युलेटर असो नसो. म्हणून फुल्लवर वाजतात. कंडेन्सर कितीही बदला, फरक पडणार नाही. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतला तरच थांबेल.

शिरीष_जळगाव

चौकोनीच आहे. सात वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाला म्हणून घेतला होता. बॅटरी संपेपर्यंत ऐकायचं आता.

विजूभाऊ

मग माझा आवाज कंडेन्सर बदलून कसा गेला? तो काय भास होता?

रिवाइंडिंगवाला

भास नव्हता. कंडेन्सर अशक्त झाला, समजा २.५ चा दीडवर आला, की आतलं क्षेत्र नीट गोल राहत नाही, लंबुळकं होतं. जोर एकसारखा न मिळता ठेचकाळत मिळतो आणि त्यानेही गुणगुण वाढते. पण तो पंखा सगळ्याच वेगांवर वाजतो आणि फुल्लवरसुद्धा मंदावलेला असतो. तुमचा मंदावला होता ना?

विजूभाऊ

मंदावला होता. पण आधी स्वस्तातलं बदलून बघावं या मताचा मी अजूनही आहे.

रिवाइंडिंगवाला

बघा की, पण जेवढ्याचा आहे तेवढ्याचाच टाका. ते ३.१५ चं खूळ नको. वेग जरा वाढल्यासारखा वाटतो म्हणून गिऱ्हाईक खूश होतं, पण दुसऱ्या वाइंडिंगमध्ये गरजेपेक्षा जास्त करंट जातो, पंखा तापतो आणि क्षेत्र पुन्हा लंबुळकं होतं, या वेळी दुसऱ्या बाजूने. असे टाकलेले पंखे उन्हाळ्याच्या शेवटी माझ्याकडे येतात, वाइंडिंग काळी पडलेली.

ताई, तुम्ही फक्त रेग्युलेटर बदला. टप्प्यांचा, कंडेन्सरवाला मागा. फिरवताना टक टक वाजतो तो. त्याच प्लेटमध्ये बसतो.

अण्णा_मिरज

ते जुने काळे डबडे रेग्युलेटर होते ना, लाकडी बोर्डावर अर्धी जागा खाणारे, त्यांचा कधी आवाज आला नाही. पण एक सांगतो, रेग्युलेटर कुठलाही लावा, वीज तेवढीच जाते. पंख्यात नाही गेली तर रेग्युलेटरात जाते. हात लावून बघायचा, चटका बसायचा.

प्रज्ञा_सातारा

अण्णा, चटका खरा, पण "तेवढीच जाते" हे नाही पटत. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, हिशेब मांडून बघू.

पंखा फुल्लवर ७५ वॅट घेतो. जुन्या डबड्यात रोधाची तार असते. मधल्या वेगावर पंख्याला समजा १३० व्होल्ट मिळाले आणि करंट ०.२ अँपिअर. पंख्यात गेले साधारण २६ वॅट. उरलेले १०० व्होल्ट तारेत पडले, म्हणजे २० वॅट उष्णता, तोच तुमचा चटका. एकूण ४६. पंच्याहत्तरचे सेहेचाळीस झाले, म्हणजे वाचली. फक्त जेवढी वाचायला हवी तेवढी नाही, वीस वॅट भिंत तापवण्यात गेले.

टप्प्यांच्या रेग्युलेटरमध्ये तारेऐवजी कंडेन्सर पंख्याच्या वाटेत आडवा येतो. तो व्होल्टेज अडवतो पण तापत जवळजवळ नाही. आणि लहर कापत नाही, अख्खी लहर बुटकी करून पुढे पाठवतो. म्हणून त्याचाही आवाज नाही, जुन्या डबड्याचाही नव्हता.

अण्णा_मिरज

सेहेचाळीस तर सेहेचाळीस. पण ते डबडं चाळीस वर्षं टिकलं, तुमचे आजचे टिकतात का बघा.

(अवांतर: मुग्धाताई, घरात जुना रेडिओ असेल तर पंखा कमी करून मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावा. तो ट्रायकवाला रेग्युलेटर रेडिओत खरखर घालतो. आमच्या मुलाच्या घरी बातम्या ऐकायच्या तर पंखा बंद करावा लागतो.)

रिवाइंडिंगवाला

अण्णा, बरोबर. तीच ती उडी, रेडिओला ऐकू येते. चांगल्या रेग्युलेटरमध्ये ती बोथट करायला आत छोटी कॉइल असते, स्वस्तातल्यांत ती गाळतात.

मुग्धा_वाकड

अपडेट. चार टप्प्यांचा आणून वायरमनकडून बसवून घेतला. घूं आवाज गेला! एकवर, दोनवर, तीनवर, कुठेच नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं, पंखा चालू आहे ना?

दोन तक्रारी. मधला वेग हवा असेल तर मिळत नाही, दोन कमी वाटतो आणि तीन जास्त. आणि भावाने रेग्युलेटर दोनवर ठेवून मोजलं तर पंख्यावर १३० व्होल्ट आणि रेग्युलेटरवर १९०. बेरीज ३२०! घरात येतात २३०. मीटर बिघडलाय की काय?

प्रज्ञा_सातारा

मीटर शाबूत आहे, बेरीज करायची रीत वेगळी. कंडेन्सरवरचं व्होल्टेज आणि पंख्यावरचं व्होल्टेज एकाच वेळी माथ्यावर जात नाहीत, जवळपास काटकोनात असतात. पायथागोरस लावा. १३० चा वर्ग १६,९००, १९० चा वर्ग ३६,१००, मिळून ५३,०००. वर्गमूळ २३०. तुमच्या भावाने नकळत नववीच्या भूमितीचं प्रात्यक्षिक केलं, उद्या वर्गात वापरते.

मात्र चालू प्लेट उघडून मोजणं सवयीच्या माणसानेच करावं. आणि हाच मीटर जुन्या ट्रायकवाल्यावर लावला असतात तर आकडा फसवा आला असता. साधे मीटर लहर अखंड आहे असं धरून चालतात.

रिवाइंडिंगवाला

आत बहुधा दोन कंडेन्सर असतील, एक २.२ आणि एक ३.३. एक नंबरवर २.२ वाटेत येतो, त्याचा अडथळा साधारण १४५० ओहम. दोनवर ३.३, अडथळा ९६५. तीनवर दोन्ही शेजारी शेजारी, ५८०. चारवर काहीच नाही, सरळ लाइन. पंख्याचा स्वतःचा साधारण ६८० धरा, म्हणजे अंदाज येईल. दोन आणि तीनमधली दरी तिथूनच येते. कंपनीगणिक आकडे थोडे बदलतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा लावला तर दरी वेगळ्या जागी पडेल, पण टप्पे आले की दरी आलीच.

पुढे कधी एकच नंबर मेला, समजा एकवर पंखा हलत नाही पण दोनवर चालतो, तर पंख्याला हात लावू नका. त्या नंबरचा कंडेन्सर किंवा त्याच्या पायाशी असलेला छोटा रोध गेलेला असतो. रेग्युलेटर बदलायचा, विषय संपला.

नवी_मुंबईकर

एवढा खटाटोप कशाला? बीएलडीसी पंखा घ्या. फुल्लवर तीसेक वॅट, रिमोट येतो, गुणगुण नाही. मी घेतलाय, पण माझा मधूनच आपोआप बंद होऊन चालू होतो, कंपनीला कळवलंय.

रिवाइंडिंगवाला

भिंतीवरचा जुना रेग्युलेटर वाटेत तसाच आहे का? त्या पंख्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं, त्याला पूर्ण २३० लागतात. रेग्युलेटर वाटेतून काढून वायर सरळ जोडून घ्या, नुसता फुल्लवर ठेवून भागत नाही. मग कंपनीशी भांडा.

नवी_मुंबईकर

आहे तसाच. वायरमनने सांगितलं राहू द्या शोभेला.

मुग्धा_वाकड

आता दुसरी गोष्ट. मुलांच्या खोलीतही त्याच कंपनीचा, त्याच वेळी घेतलेला पंखा आहे. तिथेही तसाच नवा रेग्युलेटर बसवला. घूं गेलं, पण एकवर आणि दोनवर अजून अगदी बारीक, खर्जातली गुणगुण आहे. दाराशी उभं राहिलं तर ऐकू येत नाही, पलंगावर आडवं झालं की येते. बटण बंद केलं की लगेच थांबते. रेग्युलेटर तोच, पंखा तोच, मग हे काय?

रिवाइंडिंगवाला

ती शंभराची मूळ गुणगुण. २.५ चा कंडेन्सर फुल्ल वेगाच्या हिशेबाने निवडलेला असतो. पंखा हळू केला की दोन वाइंडिंगमधला समतोल थोडा बिघडतो, क्षेत्र जरा लंबुळकं होतंच. सगळ्याच पंख्यांचं होतं. त्यात या पंख्याच्या पत्र्यांना वॉर्निश कमी मुरलं असेल तर ते जास्त थरथरतील. माझा कौल मोटरवर.

पेडणेकर_म्हापसा

मला मोटर वाटत नाही. आमच्या जुन्या घरात माळ्याच्या लाकडी तुळईला पंखा टांगला होता, अख्खी खोली घुमायची. तोच पंखा पुढच्या स्लॅबच्या खोलीत लावला तर चिडीचूप. हुकात आणि दांडीत जो रबराचा बुश असतो तो कडक झाला असेल किंवा बसवलाच नसेल, तर थरथर सरळ छतात जाते. मुलांच्या खोलीत पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे का? दांडीवरची वाटी त्याला टेकलीय का बघा, बोटभर खाली सरकवून ऐका.

मुग्धा_वाकड

फॉल्स सीलिंग आहे! बेडरूममध्ये नाही. वाटी टेकली नव्हती, तरी खाली सरकवली. किंचित फरक वाटला, पण मला वाटला म्हणून की खरा, सांगता येत नाही. मुलगा म्हणतो काही फरक नाही.

रिवाइंडिंगवाला

दोन्ही पंखे सारखेच आहेत तर आपसात बदला. कंडेन्सर, दांडी सगळं पंख्याबरोबर जाऊ द्या, हुकातला बुश आणि रेग्युलेटर मात्र जिथल्या तिथे. गुणगुण पंख्यामागे बेडरूममध्ये आली तर मोटर किंवा दांडी, मुलांच्या खोलीतच राहिली तर पेडणेकर जिंकले.

पेडणेकर_म्हापसा

मंजूर.

मुग्धा_वाकड

रविवारी वायरमन येतोय. कळवते.

रिवाइंडिंगवाला

दांडीच्या बोल्टमधली पिन जुनी परत घालू देऊ नका त्याला, एकदा वाकवलेली पिन दुसऱ्यांदा वाकवली की तुटते. नवी आणायला सांगा, चार. आणि दोन्ही पंख्यांची पाती आपापल्याच डब्याला लागतील हे बघा, नाहीतर लडबडायला लागेल आणि तुम्ही पुन्हा नवीन धागा काढाल.